मदत हवी आहे: प्रश्न आला पण पर्यायच आले नाहीत, मुलीला काय सांगू?

शिकवणीवाली
मी घरी अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेते. काल रात्री दहाला एका मुलीने व्हॉट्सॅपवर प्रश्न टाकला, "खालीलपैकी कोणत्या राशीची डायमेन्शन्स प्लँकच्या कॉन्स्टंटसारखीच आहेत?" आणि खाली काहीच नाही, ए बी सी डी पण नाही. तिने टेस्ट सिरीजच्या पीडीएफमधून कॉपी केलंय, पर्याय बहुतेक त्यात चित्र म्हणून होते म्हणून आलेच नाहीत. मी फोटो मागितला तर तोपर्यंत ती झोपली. आज संध्याकाळी तिची टेस्ट आहे. अशा वेळी नुसतं "पर्याय पाठव" म्हणून थांबायचं का काहीतरी सांगून ठेवायचं?

घाटावरचा
अहो ताई सोपं आहे, अँग्युलर मोमेंटम. हा प्रश्न वर्षानुवर्षं येतोय, उत्तर तेच असतं. सांगून टाका.

आदित्यची_आई
आमच्या मुलाच्या ऑनलाइन मॉकमध्ये पण एका प्रश्नाला पर्याय दिसलेच नव्हते, त्याचे मार्क मिळतात का हो? क्लासवाले काही सांगत नाहीत.

शिकवणीवाली
ताई, माझ्या बाबतीत मूळ पेपरात पर्याय आहेत, फक्त मुलीने पाठवताना गळालेत. तुमच्या मुलाचं वेगळं आहे, त्या प्रश्नाचा स्क्रीनशॉट असेल तर तो घेऊन क्लासमध्ये लेखी द्या.

जुना_मास्तर
घाटावरचे, तुमचं अर्धं बरोबर आहे. अँग्युलर मोमेंटम जुळतंच, पण ते त्या चार पर्यायांत असेलच असं कुठे आहे? पोरगी "मॅडमनी अँग्युलर मोमेंटम सांगितलं" असं घोकून जाईल आणि पेपरात तो शब्दच नसला की अडकेल.

ताई, तुम्ही पर्यायांच्या आधीचं सगळं काम तिच्याकडून करून घ्या. E = hν, म्हणजे h म्हणजे एनर्जी भागिले फ्रिक्वेन्सी. एनर्जीचं ML²T⁻², फ्रिक्वेन्सीचं T⁻¹, भागल्यावर राहिलं ML²T⁻¹. हे वहीत मोठं लिहून चौकट करायला सांगा, पर्याय कुठलेही येवोत, ज्याचं डायमेन्शन चौकटीशी जुळेल ते उत्तर. मग mvr तिनेच करून बघावं, M गुणिले LT⁻¹ गुणिले L, जुळलं. बोहरचं mvr = nh/2π तिला बारावीत येतंच, तिथूनही तेच निघतं.

आता पोरं चुकतात कुठे ते सांगतो, कारण पर्याय नसले तरी चुकीचे पर्याय कुठून येणार ते आपल्याला माहीत असतं. एक टॉर्क, त्याचं ML²T⁻², फक्त एका T चा फरक, घाईत सुटतो. दुसरा लिनियर मोमेंटम, MLT⁻¹, तिथे L चा वर्ग नाही. ह्या दोन्ही तिला चौकटीशेजारी लिहायला लावा. नीटमध्ये चुकलं तर एक मार्क जातो, सीईटीत निगेटिव्ह नाही, पण दोन्हीकडे अशा जवळच्या पर्यायावरच पोरं घसरतात.

घाटावरचा
हे पटलं सर. पण टेस्ट संध्याकाळी आहे, एवढं करायला वेळ कुठे आहे, मी तर थेट उत्तरच सांगितलं असतं.

जुना_मास्तर
पाच मिनिटांचं काम आहे हो. पण सगळ्याच प्रश्नांना हे चालत नाही तेही सांगतो. "खालीलपैकी चुकीचं विधान कोणतं" असा प्रश्न आला तर पर्याय नसताना काहीच करता येत नाही, विधानच माहीत नाही तर चूक काय काढणार. तिथे अंदाजाने उत्तर देऊ नका, सरळ म्हणा, "चारपैकी एक तरी विधान आठवतंय तसं टाईप कर, किंवा पानाचा फोटो काढ, कॉपी नको."

शिकवणीवाली
सर, दुपारी तिच्याकडून चौकट करून घेतली. टॉर्क आणि मोमेंटम तिने स्वतःच पडताळले, टॉर्कपाशी दोनदा अडकली. मग चारला फोटो आला. पर्याय होते: फोर्स, पॉवर, लिनियर मोमेंटम आणि इम्पल्स गुणिले डिस्टन्स. अँग्युलर मोमेंटम नव्हतंच! तिने विचारलं "मॅडम इम्पल्स म्हणजे मोमेंटमचंच डायमेन्शन ना, त्याला L ने गुणलं की झालं?" आणि डी वर खूण केली.

फक्त तिने त्याच पीडीएफमधून अजून एक पाठवलाय, "खालीलपैकी कोणता आलेख बरोबर आहे," वस्तू सरळ वर फेकलीय, वेग विरुद्ध वेळ. आलेख अर्थातच आले नाहीत. वरची दिशा धन धरली तर रेष खाली उतरणारी सरळ, सर्वात वरच्या बिंदूला शून्य ओलांडून पुढे ऋण, हे तिला काढायला सांगितलंय. पण पर्यायांत वेग नुसता परिमाणात काढलेला असेल, म्हणजे रेष शून्याला टेकून परत वर गेलेली, तर काय? हे दोन्ही आधीच सांगून ठेवू की फोटोची वाट बघू?

जुना_मास्तर
मी दोन्ही काढून घेतो, पण माझे एक सहकारी म्हणतात त्याने पोरं गोंधळतात. बघा तुमच्या पोरीला काय झेपतंय.