मदत हवी आहे: न्यूट्रलला असूनही सेल्फ मारत नाही, डिस्प्लेवर गियर गायब

अर्धा_क्लच: गाडी न्यूट्रलला असते, हाताने ढकलली तर पुढे जाते, पण हिरवा दिवा लागत नाही आणि बटण दाबलं की काहीच होत नाही. क्लच दाबून कधी सुरू होते, कधी नाही. डिस्प्लेवर N च्या जागी नुसती आडवी रेघ, बाकीचे गियर बरोबर दिसतात. रोज गाडी लागते, लवकर सांगा.

घाटवळण: बॅटरी बघा आधी. माझ्या गाडीला हेच झालं होतं, नवीन टाकली, प्रश्न मिटला.

अर्धा_क्लच: बॅटरी ठणठणीत आहे. सुरू होते तेव्हा एका दमात होते.

मीटरवाला: क्लच दाबून सुरू होत नाही, तेव्हा साईड स्टँड खाली असतो का? आणि गाडी चालू असताना न्यूट्रलमध्ये स्टँड खाली केला तर इंजिन बंद पडतं का?

संथ_चाल: न्यूट्रल लागत नसेल तर क्लच केबलचा प्ले तपासा. माझीही थांबल्यावर पहिल्यातून दुसऱ्यातच जायची.

अर्धा_क्लच: न्यूट्रल लागतं हो, ते गाडीला कळत नाही! @मीटरवाला, आत्ता करून पाहिलं. स्टँड वर असेल तर क्लच दाबून दरवेळी सुरू होते, खाली असेल तर नाही. आणि हो, न्यूट्रलमध्ये स्टँड खाली केला की बंद पडते.

मीटरवाला: मग कोडं सुटलं. सेल्फच्या रिलेला अर्थिंग मिळायला दोन वाटा आहेत. एक न्यूट्रल स्विचमधून, दुसरी क्लच आणि साईड स्टँडच्या स्विचमधून. तुमची दुसरी वाट शाबूत आहे, पहिली तुटली आहे. गाडीला वाटतंय आपण गियरमध्ये आहोत, म्हणून स्टँड खाली येताच ती इंजिन बंद करते. इतक्यात त्या बाजूला काही काम झालं होतं का? स्विचच्या कनेक्टरला वायरी किती?

अर्धा_क्लच: चेन-स्प्रॉकेट बदललं महिन्याभरापूर्वी. त्याचा काय संबंध? वायरी बऱ्याच आहेत, प्रत्येक गियरला एक असावी.

मीटरवाला: संबंध असा की स्विच बहुतेक गाड्यांत पुढच्या स्प्रॉकेटजवळच असतो आणि वायर कव्हरखाली चेपते. कनेक्टर सोडा, चावी चालू करा, गाडीकडच्या N च्या वायरीला तुकडा जोडून इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. दिवा लागून सेल्फ फिरला तर पुढची वायरिंग चांगली, दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या शेपटीत. पण तीनच वायरी असतील तर हे करू नका. तो सेन्सर असतो, त्याला बहुधा ५ व्होल्ट येतात आणि सिग्नलचा व्होल्टेज गियरगणिक बदलतो. तिथे फक्त मीटर लावून वाचायचं.

घाटवळण: मग ती वायर कायमची इंजिनला जोडून टाका की. स्विच हवाच कशाला?

मीटरवाला: अजिबात नको. गाडी गियरमध्ये असताना, क्लच न दाबता बटण दाबलं तर ती उडी मारेल. त्याहून वाईट म्हणजे स्टँड खाली राहिलेला असताना इंजिन बंद होणार नाही आणि पहिल्याच डाव्या वळणाला स्टँड रस्त्याला लागेल.

घाटवळण: जुन्या गाड्यांना कुठे होतं हे सगळं? बघून गाडी काढायची.

रात्रपाळी: माझं उलटं आहे. गियरमध्ये असताना, स्टँड वर करून क्लच दाबला की न्यूट्रलचा दिवा लागतो, सोडला की जातो. हाही स्विच का?

मीटरवाला: नाही, दोन वाटांमधला डायोड शॉर्ट झाला असणार. वेगळा धागा काढा.

अर्धा_क्लच: वायर टेकवली, दिवा लागला, सेल्फही फिरला. मग स्विचकडच्या N च्या पिनेपासून इंजिनपर्यंत मीटर लावला: न्यूट्रलमध्ये काहीच नाही, मागचं चाक हलवलं की क्षणभर जोडतं. पहिल्या गियरच्या पिनेला बरोबर दाखवतो. ऑइल काढावं लागेल का?

संथ_चाल: नाही लागत, गाडी दुसऱ्या बाजूला कलती धरा.

मीटरवाला: ते गाडीवर अवलंबून आहे, खाली भांडं ठेवाच. पहिला गियर नीट दाखवतोय म्हणजे स्विचला इंजिनकडून मिळणारं अर्थिंग ठीक आहे, N चा संपर्कबिंदू झिजला असेल किंवा त्याची वायर आत तुटली असेल. स्विच काढताना मागची पिन आणि स्प्रिंग उडून पडतात, त्यावर लक्ष ठेवा. ओ-रिंग नवीच घाला.

अर्धा_क्लच: स्विच आणि ओ-रिंग बदलली. जुन्यात N चा ठिपका काळा पडून खोल गेला होता. आता न्यूट्रलला लगेच सुरू होते, स्टँड खाली असला तरी. पण चौथ्यात चालवताना अधूनमधून रेघ दिसते. आधी असं नव्हतं.

मीटरवाला: गियर बदलताना क्षणभर रेघ येणारच. चालवताना येत असेल तर पिनेचं टोक आणि स्प्रिंग बघा. ती बदलली का?

अर्धा_क्लच: नाही, जुनीच घातली. चांगली दिसत होती.

घाटवळण: चौथ्याचा आकडा नाही दिसला तर काय बिघडतं?