संध्याकाळच्या जिमआधी कॅफीन किती आणि किती वाजता? झोपेची वाट लागली आहे

वाकडचा_वाटसरू

वय ३१, वजन ७२ किलो. हिंजवडीत नोकरी, सव्वासहाला निघतो आणि ट्रॅफिकमधून घरी येऊन जिमला पोहोचेपर्यंत आठ वाजतात. सोम-बुध-शुक्र संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी नऊला, असा चार दिवसांचा व्यायाम. दीड वर्षापासून प्री-वर्कआउट पावडर घेतो. डब्यावर एका स्कूपमध्ये २०० मिलिग्रॅम कॅफीन लिहिलंय. जिमच्या दारात शेकर हलवतो, गटागटा पितो आणि आत जातो.

झोप लागायला त्रास नाही. सव्वाबाराला पडलो की दहा मिनिटांत गार. पण सकाळी सहाला उठतो ते कोणीतरी रात्रभर बडवून काढल्यासारखा. गेल्या दोन महिन्यांत बेंच जागचा हलला नाही, आणि एका स्कूपने आता काही वाटत नाही म्हणून थोडा जास्तच भरतो. ऑफिसात साडेचारला मशीनची एक कॉफी असते. पावडर बंद करायची, कमी करायची, की वेळ बदलायची? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

लोखंडी_पंजा

भाऊ, एवढं घाबरायला काय झालं? ३ ते ६ मिलिग्रॅम दर किलोला, हे सिद्ध झालेलं आहे. तू ७२ चा, म्हणजे ४०० पर्यंत आरामात जातोस. तू कमी घेतोयस म्हणून वाटत नाहीये. दोन स्कूप मार. आणि दर महिन्याला एक आठवडा पूर्ण बंद ठेव, शरीर परत कोरं होतं. मी तीन वर्षं हेच करतोय.

निवांत_आजोबा

माझं वय ६१. रात्री जेवणानंतर चहा घेतो आणि घोरत झोपतो, त्यामुळे चहा-कॉफीने झोप उडते हे मला थोतांड वाटतं. तुमचं दुखणं पित्ताचं आहे. रिकाम्या पोटी तसली पावडर ढोसल्यावर दुसरं काय होणार? कोकम सरबत घ्या आणि रात्री हलकं जेवा.

पंजाबाहेरची_फिजिओ

मी खेळाडूंसोबत काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पंजाभाऊंचा आकडा बरोबर आहे, पण तो चुकीच्या जागी वापरलाय. ३ ते ६ मिलिग्रॅम ही मात्रा शर्यत किंवा चाचणी कधी आहे ते बघून ठरवतात. त्यात रात्री किती वाजता झोपायचं हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. शिवाय खालच्या टोकाला, म्हणजे २-३ मिलिग्रॅमलाही बहुतेकांना फायदा दिसतो. वर जाल तसा फायदा त्या प्रमाणात वाढत नाही. हात थरथरणं, छातीत धडधड, पोट बिघडणं हे मात्र वाढतं. युरोपीय अन्नसुरक्षा संस्था निरोगी प्रौढाला एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० पर्यंत ठीक मानते. म्हणजे पंजाभाऊ ज्याला एक डोस म्हणतात, तो अख्ख्या दिवसाचा कोटा झाला.

वाटसरू, आधी दोन गोष्टी सांगा. "थोडा जास्त भरतो" म्हणजे नेमका किती? आणि पिल्यावर पहिला जड सेट किती मिनिटांनी मारता?

वाकडचा_वाटसरू

घरी बायकोचा केक करायचा छोटा डिजिटल काटा आहे, त्यावर मोजलं. डब्यावर स्कूप १० ग्रॅमचा लिहिलाय. मी नेहमी भरतो तसा, शीग लावून, भरला तर १३.५ ग्रॅम! सुरीने वरचं सपाट केलं तेव्हा बरोबर १०. म्हणजे गेले काही महिने मी २०० समजून २७० घेत होतो.

आठ वाजता पितो आणि सव्वाआठला पहिला सेट. नऊला बाहेर.

पंजाबाहेरची_फिजिओ

झालं, अर्धं उत्तर तुमच्या काट्यानेच दिलं.

कॅफीन रक्तात चढायला साधारण पाऊण ते एक तास लागतो, पोट भरलेलं असेल तर आणखी. तुम्ही आठला पिता, नऊला बाहेर पडता. म्हणजे ते ऐन भरात येतं तेव्हा तुम्ही पार्किंगमध्ये गाडीची किल्ली शोधत असता. पहिल्या सेटला जी तरतरी वाटते त्यात सवयीचा आणि थंडगार आंबट पाण्याचा वाटा मोठा असावा. फायदा अर्धामुर्धा पदरात पडतोय आणि भुर्दंड मात्र पूर्ण.

आता तो भुर्दंड मोजू. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला सरासरी पाच तास लागतात. माणसागणिक यात फार फरक आहे, पण हिशेबापुरते पाचच धरा. आठचे २७० रात्री एक वाजता १३५ उरतात. साडेचारच्या मशीनच्या कॉफीचे ६० धरले तर त्यातलेही वीसेक तेव्हा शिल्लक. म्हणजे तुमच्या झोपेच्या पहिल्या तासात अंगात दीडशेच्या वर कॅफीन फिरतंय. दोन कप कडक कॉफी पिऊन पांघरूण ओढल्यासारखंच की. पहाटे सहाला, तुमचा गजर होतो तेव्हाही, सत्तर-ऐंशी बाकी.

"पण मला झोप लागते" याचं उत्तर तुम्हाला आणि आजोबांना एकत्रच देते. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि त्याचं ओझं वाढलं की झोप येते. कॅफीन ते ओझं उतरवत नाही, फक्त त्याची जागा अडवून बसतं. तुम्ही व्यायामाने आणि ट्रॅफिकने इतके दमलेले असता की जागा अडवली तरी डोळा लागतो. पण पहिल्या काही तासांतली गाढ झोप उथळ होते. अमेरिकेत २०१३ मध्ये एक प्रयोग झाला होता. झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम दिल्यावर यंत्राने मोजलेली झोप तासाभराहून जास्त घटली, पण लोकांना स्वतःला ते तितकंसं कळलंच नाही. आजोबा, तुमचा एक कप चहा ४०० च्या जवळपासही नाही. त्यामुळे तुम्हाला खरंच काही होत नसेल, त्याबद्दल माझं म्हणणं नाही.

निवांत_आजोबा

बरं झालं, चहा वाचला. पण घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे का?

पंजाबाहेरची_फिजिओ

नाही हो आजोबा. उलट जोरात घोरत असाल तर ते एकदा तपासून घ्याच.

डोंगरवाट_अनघा

माझी गोष्ट वेगळी आहे, पण कदाचित उपयोगी पडेल. मी हाफ मॅरेथॉन धावते, स्पर्धा पहाटेच्या, त्यामुळे कॅफीन पहाटे साडेचारला आणि झोप रात्री दहाला. गणिताने काहीच उरायला नको. तरी गेल्या वर्षी सुरुवातीला कॉफी आणि दहाव्या किलोमीटरला कॅफीनवाली जेल घेतली, तर रात्री दोनपर्यंत टक्क जागी. नंतर डॉक्टर म्हणाल्या की मी घेत असलेल्या गर्भनिरोधक गोळीने कॅफीन शरीरात जवळपास दुप्पट वेळ राहतं. मग मी डोस निम्मा करावा का? की शर्यतीनंतरचा चहा बंद करू?

पंजाबाहेरची_फिजिओ

अनघा, डॉक्टर बरोबर सांगतायत. पाच तासांचे दहा होऊ शकतात. गरोदरपणात तर त्याहूनही लांबतं. उलट सिगरेट ओढणाऱ्यांत ते लवकर संपतं, म्हणून सिगरेट सोडलेला माणूस तेवढ्याच कॉफीने अचानक तळमळायला लागतो. मी आधी शर्यतीनंतरचे चहा काढून बघेन, कारण त्या दिवशी ते मोजलेच जात नाहीत. पण शर्यतीच्या रात्री झोप न येण्यात दुखणारे पाय आणि डोक्यातला धुरळाही असतो, सगळं कॅफीनच्या माथी मारता येणार नाही. डोस निम्मा केल्यावर धावण्यात किती फरक पडेल, हे तुम्हाला सरावाच्या लांब धावेत बघूनच कळेल.

वाटसरू, तुमच्यासाठी मी असं करेन. पूर्ण डोस, म्हणजे सुरीने सपाट केलेला १० ग्रॅमचा स्कूप, फक्त शनिवारी सकाळी आठला. व्यायाम नऊला. जड स्क्वॉट त्याच दिवशी ठेवा. बाकीचे तीन दिवस पावडर नाही. साडेचारची कॉफी उचलून ऑफिसातून निघताना सव्वासहाला प्या, तीच तुमची प्री-वर्कआउट. झोपेच्या चार तास आधीपर्यंत १०० मिलिग्रॅमने झोप फारशी बिघडली नाही आणि ४०० ने मात्र बारा तास आधीही बिघडली, असं अलीकडच्या एका प्रयोगात दिसलंय. तो लहान होता आणि त्यात सगळे पुरुष होते, त्यामुळे अनघाला मी तो लावणार नाही. आणि एकदम बंद करू नका. आठवडाभर अर्धा स्कूप, मग शून्य.

लोखंडी_पंजा

आणि आठवडाभर सोडून रिसेट करायचं? त्यावर काही बोलला नाहीत.

पंजाबाहेरची_फिजिओ

त्यावर माझंच मत पक्कं नाही. रोज पिणाऱ्यांना स्पर्धेच्या दिवशी कमी फायदा होतो असं काही प्रयोगांत दिसतं, काहींत अजिबात दिसत नाही. स्पर्धेआधी आठवडा सोडल्याने नक्की काही मिळतं असं मी छातीठोक सांगणार नाही. डोकेदुखी मात्र नक्की मिळते.

वाकडचा_वाटसरू

तीन आठवड्यांनी लिहितोय.

अर्धा स्कूप वगैरे ऐकलं नाही, रविवारी सगळंच बंद केलं, कॉफीसकट. सोमवारी दुपारपासून कपाळ ठणकायला लागलं, मंगळवारी तर स्क्रीनकडे बघवेना. रात्री दहाला औषधाच्या दुकानातून डोकेदुखीची गोळी आणली आणि अर्ध्या तासात उतरलं. खूश झालो. मग पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचलं: पॅरासिटामॉल, आणि खाली कॅफीन ५० मिलिग्रॅम! ज्याच्यापासून पळत होतो तेच रात्री दहाला विकत घेऊन गिळलं. पुढच्या दिवसापासून सव्वासहाची कॉफी सुरू केली आणि ठणका गेला.

आता आकडे. बुधवारी बेंच ७० किलोवर तीन सेट मारतो. पावडरवर ८, ८, ७ व्हायचे. पहिल्या बुधवारी ८, ७, ५ झाले आणि मनात आलं की जाऊदे, परत आणतो डबा. दुसऱ्या आठवड्यात ८, ७, ७. या बुधवारी ८, ८, ८. सकाळी गजराच्या आधी जाग येते, हे कॉलेजनंतर पहिल्यांदाच.

लोखंडी_पंजा

तीन आठवड्यांत एक रेप वाढला, तो असाही वाढला असता.

वाकडचा_वाटसरू

असेलही. दोन महिने मात्र वाढला नव्हता.

पंजाबाहेरची_फिजिओ

पंजाभाऊंचा मुद्दा योग्य आहे, एका माणसाच्या तीन आठवड्यांवरून कारण सांगता येत नाही. मी बेंचपेक्षा सकाळच्या जागेकडे बघेन. शनिवारचं काय?

वाकडचा_वाटसरू

शनिवारचा सपाट स्कूप आता इतका चढतो की पहिल्या शनिवारी स्क्वॉटच्या रॅकजवळ हात थरथरत होते. पुढच्या शनिवारी काट्यावर ७ ग्रॅम मोजून घेणार आहे. काटा आता जिमच्या बॅगेतच असतो, बायको केकसाठी शोधत असते.