मदत हवी आहे: टाईल ॲडेसिव्ह ५ बॅगा की ९?

मंडळी, धायरीतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये नवीन टाईल बसवतोय. २०० चौरस फूट, म्हणजे साधारण १८.६ चौरस मीटर. टाईल ६०० बाय ६००, जाडी १० मिमी, सांधा ३ मिमी.

ग्राउटचा हिशोब मी असा केला (मापं मिमीत, १.६ ही घनता, उत्तर किलो प्रति चौ.मी.):

```
(600+600)/(600*600) * 3 * 10 * 1.6 = 0.16
```

म्हणजे सगळं मिळून ३ किलो, वाया जाणारं धरून साडेतीन. मिस्त्री म्हणतात १० किलो आणा. तिप्पट कसं होईल? मागच्या कामात छोट्या टाईल होत्या म्हणून जास्त लागलं असावं, कारण टाईल लहान तर सांधे जास्त.

खरा घोळ ॲडेसिव्हचा आहे. १ मिमी थराला चौरस मीटरमागे दीड किलो पावडर धरली, तर ३ मिमी थराला ८४ किलो होते. २० किलोच्या ५ बॅगा पुरतात. मिस्त्रींनी ९ सांगितल्या. मला वाटलं, टोपी घालतायत. पण काल जुन्या कोब्यावर ॲल्युमिनियमची पट्टी ठेवली, तर बाल्कनीच्या दाराजवळ खालून ५ मिमीची फट! सगळीकडे ६ मिमी थर धरला, तर खरंच ९ बॅगा होतात.

पण खड्डा तेवढ्याच कोपऱ्यात आहे. तिथे आधी सिमेंट-वाळूने लेव्हल करून, ते वाळल्यावर ५-६ बॅगांत काम करावं, की ॲडेसिव्हनेच भरावं? जाड थर आकसून टाईल खाली बसते का? कुणी केलंय का असं?