१९३०ला फोन करून मिळालं काय?

सांगलीकर (मूळ पोस्ट): मामांना मेसेज आला, "वीजबिल थकलंय, आज रात्री साडेनऊला लाइन कापणार." त्यांनी त्यावरच्या नंबरला फोन केला. समोरच्याने स्क्रीन दिसणारं अ‍ॅप टाकायला लावलं आणि १,८०,००० गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार केली तर ११,४०० होल्ड झाले म्हणे. बस्स. चोराचं खातं, आधार, पॅन, मोबाइल सगळं बँकेकडे असतं, मग उचलून का आणत नाहीत? सगळे मिळालेले आहेत. तक्रारीत वेळ घालवू नका, हे माझं प्रामाणिक मत.

जुना_कॅशियर: शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो, नाहीतर असे धागे मी बाजूने जाऊ देतो. नोकरीची शेवटची चार वर्षं बँकेच्या फ्रॉड डेस्कवर काढली आहेत. पहिला प्रश्न, पैसे किती वाजता गेले आणि १९३०ला फोन किती वाजता लागला?

सांगलीकर: संध्याकाळी ७.१०ला ९९,००० आणि ७.२५ला ८१,०००. १९३०ला दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. मामा रात्रभर कुणाशी बोललेच नाहीत, लाजेने.

जुना_कॅशियर: म्हणजे सोळा तास. आता या सोळा तासांत काय होतं ते ऐका. पैसे ज्या खात्यात पडतात त्यात ते दहा मिनिटंही थांबत नाहीत. तिथून तीन खात्यांत, त्या तिघांतून आणखी आठ-दहा खात्यांत. शेवटी एटीएम, चेक, नाहीतर क्रिप्टो. १९३०वाला तुमचा बारा आकडी व्यवहार क्रमांक टाकतो, तो तुमच्या बँकेकडे जातो. ती सांगते पैसे अमुक बँकेत गेले, मग तक्रार त्या बँकेच्या पडद्यावर उमटते, तिथून पुढच्या. जिथे शिल्लक सापडेल तिथे लीन लागतं, म्हणजे तेवढी रक्कम खात्यातच अडकवली जाते. तुमचे ११,४०० हे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर उरलेलं असणार. आमच्या शेजारच्या वहिनींचे ७५,००० गेले होते, वीस मिनिटांत फोन लावला, ६२,००० अडकले. यंत्रणा तीच.

आणि "उचलून आणा" म्हणताय ते खातं कुणाचं? एखाद्या पोराचं, ज्याने पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम आठ-दहा हजारांना भाड्याने दिलंय. केवायसी खरी, फोटो खरा. पोलीस त्याच्यापर्यंत पोचतात, तो म्हणतो, "टेलिग्रामवरच्या एका माणसाला दिलं." पुढचा धागा एटीएमच्या सीसीटीव्हीत आणि लॉगिनच्या आयपीत असतो. फुटेज ठरावीक दिवसांनी पुसलं जातं. तपास अधिकाऱ्याचं पत्र परराज्यातल्या शाखेत पोचेपर्यंत ते दिवस उलटलेले असतात.

कायदा_वाचलेला: एवढं चोर पकडायचं कशाला? २०१७चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक वाचा. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की ग्राहकाची जबाबदारी शून्य, बँकेने पूर्ण रक्कम द्यायची. बँका हे दडवून ठेवतात, आणि फ्रॉड डेस्कवाले तर मुद्दामच.

जुना_कॅशियर: परिपत्रक मी रोज वापरलंय. ते शून्य तेव्हा, जेव्हा चूक ना बँकेची ना ग्राहकाची. मामांनी स्वतः अ‍ॅप टाकलं, ओटीपी समोरच्याला दिसला. याला बँक हलगर्जी म्हणते आणि कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकावर.

कायदा_वाचलेला: हलगर्जी सिद्ध कुणी करायची? बँकेनेच. तेही त्याच परिपत्रकात आहे. आणि कळवल्यानंतरचं नुकसान? ते का नाही सांगितलंत?

जुना_कॅशियर: हो, कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. ते बरोबर आहे. पण इथे कळवलं सोळा तासांनी.

सांगलीकर: थांबा. पैसे गेल्याचा पहिला मेसेज आल्यावर मामांनी कार्डामागच्या बँकेच्या नंबरवर फोन केला होता. ७.१८ की ७.२०. "तक्रार नोंदवली, घाबरू नका" म्हणाले आणि ठेवला.

जुना_कॅशियर: हे आधी का नाही सांगितलंत, राव! त्यानंतर पाच-सात मिनिटांनी दुसरा व्यवहार झालाय. ९९,००० वर भांडण अवघड आहे. ८१,००० वर मात्र बँकेला उत्तर द्यावं लागेल, ऑनलाइन व्यवहार बंद का नाही केले म्हणून. शाखेत लेखी द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही की रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. कायदेसाहेब, तुम्ही अर्धे बरोबर निघालात, घ्या.

कायदा_वाचलेला: अर्धे का होईना, मेहेरबानी.

गाडीवाला_कोल्हापूर: तुमचं सगळं ठीक, पण त्या लीनची दुसरी बाजू मला विचारा. माझी वडापावची गाडी आहे. मार्चमध्ये कुणीतरी क्यूआरवर ३२० रुपये टाकले. तीन आठवड्यांनी माझं खातंच बंद. आत ४३,०००. शाखेत विचारलं, म्हणे दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र. मी काय गिऱ्हाइकाला आधी विचारू, बाबा पैसे चोरीचे नाहीत ना?

मीनाताई: बिचाऱ्या गाडीवाल्याला ३२० साठी फाशी आणि ज्याने लाखो नेले तो मोकळा! माझ्या मुलाचंही असंच झालं, जुना मोबाइल विकला होता, त्याचे पैसे आलेले. दोन महिने पगार अडकला. माझा प्रश्न एवढाच, हे डिजिटल बिजिटल आणलंच कशाला? रोखीत कुणी कुणाचं खातं बंद करत नव्हतं.

कायदा_वाचलेला: ताई, रोखीत पाकीट मारलं तर कुणी लीनही लावत नव्हतं.

मीनाताई: तुमच्या मुलाचा पगार अडकला की सांगा असे टोमणे मारायला.

जुना_कॅशियर: गाडीवाले, तुमचा राग रास्त आहे. पूर्ण खातं गोठवायचं कारणच नव्हतं. वादातली रक्कम तेवढी धरून बाकी सोडायला हवी. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तेच सांगितलं. शाखेकडून तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा पोच क्रमांक, कोणतं पोलीस ठाणं आणि त्यांचा ईमेल. मग त्या ठाण्याला मेल करा, सोबत गाडीचा परवाना आणि त्या दिवसाचा क्यूआरचा हिशोब, म्हणजे २०-२५ रुपयांच्या ओळींत ३२० ची एक ओळ दिसेल. मागणी एकच, लीन ३२० पुरतं करा.

गाडीवाला_कोल्हापूर: मेल केला. उत्तर नाही. फोन केला तर "इथे येऊन जबाब द्या." जायला-यायला चार दिवस. ३२० साठी?

जुना_कॅशियर: ...यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आमच्याकडून पोलिसांना स्मरणपत्रं जायची, आणि तिकडे एका अधिकाऱ्याकडे शेकडो तक्रारी. उच्च न्यायालयात गेलात तर सुटेल, पण वकिलाची फी ४३,००० मधून वजा करा.

सांगलीकर: माझा धागा आहे, आठवण करून देतो. अडकलेले ११,४०० तरी कधी मिळणार?

जुना_कॅशियर: आपोआप नाहीत. माझ्या वेळी पोलिसांच्या अहवालासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग आदेश, मग बँक असा रस्ता होता. वहिनींना पाच महिने लागले. पण आधी ८१,००० चं बघा. मामांच्या मोबाइलमधल्या कॉल लॉगचा आणि बँकेच्या तक्रार क्रमांकाच्या मेसेजचा फोटो काढून ठेवा. ते अ‍ॅप मात्र उडवू नका, पोलिसांना लागेल.

सांगलीकर: मोबाइल त्याच सकाळी फॉरमॅट केला. व्हायरस राहू नये म्हणून. मीच.

कायदा_वाचलेला: वा. आणि मिळालेले पोलीस!

जुना_कॅशियर: सिमच्या कंपनीकडून मामांच्या नावाने आउटगोइंग कॉलचा तपशील मागा, त्यात ७.१८ की ७.२० ते निघेल. बँकेकडेही त्या कॉलचं रेकॉर्डिंग असतं, अर्जात ते जपून ठेवा असं स्पष्ट लिहा. उद्याच जा, रेकॉर्डिंगही कायम राहत नाही.

सांगलीकर: उद्या जातो. मत अजून बदललेलं नाही, पण जातो.