मदत हवी आहे: घरच्या सामाईक फोनवर येणारे कॉल बंद हवेत, पण ओटीपी यायला हवेत

पारोळ्याचा_सुरतकर
नमस्कार मंडळी. आमचं घर पारोळा तालुक्यात, मी नोकरीसाठी सुरतला. घरी एक बटणांचा फोन आहे, सगळ्यांचा मिळून. सिम वडिलांच्या नावावर. बँक, गॅस, पीएम किसान सगळीकडे हाच नंबर दिलेला आहे. आपसात बोलायला घरात दुसरे फोन आहेत, त्यामुळे यावर कॉल आले नाहीत तरी चालेल. उलट येतात ते फसवणूक करणाऱ्यांचेच. "तुमचं केवायसी संपलंय, खातं बंद होईल" असं सांगतात आणि आजी घाबरून सगळी माहिती द्यायला निघते. मागच्या वेळी वहिनी शेजारी होती म्हणून निभावलं.

वहिनीने फोन मोबाइलच्या दुकानात नेला. त्यांनी काहीतरी कोड टाकून येणारे कॉल बंद करून दिले. कॉल थांबले, पण तेव्हापासून बँकेचा ओटीपीही येत नाही. दुकानात विचारलं तर म्हणतात रेंजचा प्रॉब्लेम. फोनच्या सेटिंगमधून काढायला गेलं की पासवर्ड मागतो.

शिवाय परदेशी नंबरचे मिस्ड कॉल यायचे आणि घरातली पोरं त्यावर उलट फोन करायची. बॅलन्स जायचा. तेही बंद करता येईल का?

तापीकाठ
रेंजचा प्रॉब्लेम असता तर सगळंच बंद पडलं असतं. पासवर्ड मागतोय म्हणजे सिमचा पिन मागतोय. सिम ज्या कार्डात आलं त्यावर पीयूके नंबर असतो, तो टाका, उघडेल.

जुना_एक्स्चेंजवाला
तापीकाठ, रेंजबद्दल बरोबर बोललात, पण पीयूके कृपा करून कोणी टाकू नका. सिमचा पिन सिममध्ये असतो. दुकानदाराने कॉल अडवायला जे लावलं ते कॉल बारिंग, त्याचा पासवर्ड कंपनीच्या नेटवर्कवर, त्या नंबरच्या नोंदीत असतो. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पीयूके दहा वेळा चुकला तर सिम कायमचं बाद होतं आणि ज्या नंबरवर बँक आहे त्याच्या बाबतीत ही जोखीम नको.

सुरतकर, आधी हे सांगा: बारिंगचा पासवर्ड कोणी अंदाजाने टाकून पाहिला का? लागोपाठ तीनदा चुकला की नेटवर्क तो पासवर्ड अडवून ठेवतं आणि मग कंपनीकडूनच नवा करून घ्यावा लागतो.

पारोळ्याचा_सुरतकर
हो दादा, भावाने दोनदा टाकलाय. एकदा 1234 आणि एकदा वडिलांचं जन्मसाल.

जुना_एक्स्चेंजवाला
मग आता अंदाज बंद. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचा पासवर्ड 0000 असतो, पण दुकानदाराने बदलला असू शकतो. ज्याने कोड टाकला त्यालाच विचारा, काय टाकलं होतं. तोवर पासवर्ड न लागणारा कोड फिरवून स्थिती पाहा:

```
*#35#
```

पडद्यावर व्हॉइस आणि एसएमएस दोन्हींसमोर बारिंग चालू दिसलं तर ओटीपी का येत नाही ते कळलंच. दुकानदाराने बहुधा `*35*` नंतर पासवर्ड आणि `#` एवढंच टाकलं असणार. असं टाकलं की नेटवर्क त्या नंबरवर येणारं सगळं अडवतं, मेसेजसुद्धा. फक्त बोलण्याचे कॉल अडवायचे तर शेवटी 11 जोडावा लागतो.

रावेरची_केळीवाली
आमना घर बी अशीच गत शे भाऊ. केळी कापणीच्या दिवसांत एक व्यापारी सारखा फोन करतो, भाव पाडून मागतो. मला फक्त त्याचाच नंबर बंद करायचा आहे. या 35 च्या कोडमध्ये त्याचा नंबर कुठे लिहायचा?

जुना_एक्स्चेंजवाला
ताई, बारिंगला एकेक नंबर ओळखता येत नाही. सगळे येणारे, सगळे जाणारे, परदेशातले, अशा गठ्ठ्यानेच ते चालतं. एका माणसासाठी तुमच्या फोनमधली ब्लॉक यादी वापरा. फक्त फोन बदलला तर ती यादी तपासून घ्या, कारण ती साधारणपणे त्या फोनमध्येच राहते. बारिंगचं उलट आहे: सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी सुटत नाही.

पारोळ्याचा_सुरतकर
दुकानदाराशी बोललो. पासवर्ड 0000 च होता, बदललेला नाही. `*#35#` फिरवलं तर तुम्ही म्हणालात तसंच, एसएमएससमोरही चालू दिसतंय.

जुना_एक्स्चेंजवाला
छान. आता आधी सगळं उठवा, मग फक्त बोलण्याचे कॉल अडवा. एक कोड टाकून उत्तर येऊ द्या, नंतर दुसरा. फोनमध्ये दोन सिम असतील तर हेच सिम निवडलंय ना, ते बघा.

```
#35*0000#
*35*0000*11#
```

मग दुसऱ्या फोनवरून या नंबरला कॉल करून बघा आणि एक मेसेज पाठवा. कॉल लागता कामा नये, मेसेज यायला हवा. दोन्ही पाहिल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

पोरांच्या परदेशी कॉलसाठी:

```
*331*0000#
```

देशातले कॉल त्याने अडत नाहीत. सगळे जाणारे कॉल बंद करायचा कोड 33 चा आहे, पण तोही नुसता टाकला तर मेसेज पाठवणंही थांबतं आणि बँकेचं ॲप नोंदवताना फोनवरून मेसेज जावा लागतो. ११२ ला मात्र जाणारे कॉल बंद असले तरी फोन लागतो, घरात म्हातारं माणूस आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

शेवटी पासवर्ड बदला, कारण 0000 कोणीही टाकेल. चार आकडी नवा पासवर्ड दोनदा लिहायचा:

```
**03*330*0000*4826*4826#
```

इथला 4826 उदाहरणापुरता आहे, तुमचा वेगळा ठेवा आणि वहीत लिहून ठेवा. कोणी अनोळखी माणूस फोनवर "हा कोड फिरवा" म्हणाला तर मात्र कधीच फिरवू नका. कॉल दुसरीकडे वळवायचेही असेच कोड असतात. त्यातूनच लोकांचे ओटीपी पळवले जात होते, म्हणून दूरसंचार विभागाने २०२४ च्या एप्रिलपासून `*401#` सारखी वळवण्याची सोय बंद करायला लावली.

तापीकाठ
पीयूकेबद्दल माझं चुकलं, आभार. पण माझ्याकडे `*#35#` ला उत्तरच येत नाही, "invalid MMI code" येतं. कार्ड फक्त ४जीवाल्या कंपनीचं आहे.

जुना_एक्स्चेंजवाला
४जीवर कॉल वेगळ्या यंत्रणेतून जातात. तिथे हे कोड घ्यायचे की नाहीत हे कंपनीवर असतं. २जी असलेल्या कंपनीचं सिम असेल तर फोनमध्ये ४जी कॉलिंग तात्पुरतं बंद करून कोड चालतो का ते बघता येतं. तुमच्याकडे तो मार्ग नाही. कॉल सेटिंगमध्ये कॉल बारिंग दिसतं का पाहा, नाहीतर कस्टमर केअरला सांगून त्यांच्याकडूनच लावून घ्या.

रावेरची_केळीवाली
माझा अजून एक प्रश्न. पोराने फक्त घरच्या चार नंबरांनाच फोन करावा असं करता येतं का?

जुना_एक्स्चेंजवाला
येतं, पण बारिंगने नाही. सेटिंगमध्ये ठरावीक नंबरांची यादी असते, एफडीएन म्हणून. ती सिममध्ये राहते आणि पिन-२ मागते. तो कंपनीकडून घ्या, अंदाजाने टाकू नका. व्हॉट्सॲपचे कॉल मात्र इंटरनेटवरून जातात, ते ना बारिंगने अडतात ना या यादीने.

पारोळ्याचा_सुरतकर
झालं दादा! गॅसच्या बुकिंगचा मेसेज आत्ता आला, बँकेचाही ओटीपी आला. मी इथून फोन लावला तर लागत नाही. परदेशाचं लावलंय आणि पासवर्ड वहिनीने बदललाय. आता वडील विचारतायत की बँकेच्या शाखेतून खरोखर फोन आला तर काय, म्हणून उद्या शाखेत दुसरा नंबर नोंदवता येतो का ते भाऊ बघून येतोय. दोन नंबर ठेवू देतात का, कोणाला अनुभव?