मुलगी वजनासाठी इन्सुलिन सोडते आहे, पेन कुणाच्या हातात द्यायचं?

फोंड्याची आई: मुलगी १९ वर्षांची, टाइप वन मधुमेह, लहानपणापासून इन्सुलिनवर. पणजीत पेइंग गेस्ट राहून कॉलेज करते. चवथीला घरी आली तर ड्रेस अंगावर लोंबत होता. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी मागच्या खेपेला ८.१ होतं, आता ११.४. खोदून विचारल्यावर म्हणाली, "घेतलं की मी फुगते, म्हणून जेवणाचं इन्सुलिन कधीकधी सोडते." तिचे बाबा म्हणतात, पेनं आपल्या ताब्यात घेऊ, समोर बसवून टोचायला लावू, उद्यापासून पूर्ण डोस. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही.

शिरोड्याचा बाबलो: बाबांचं शंभर टक्के बरोबर. एवढी साखर चढलेली असताना फुगण्याच्या गोष्टी कसल्या? कॉलेज गेलं चुलीत, घरी आणा आणि आठ दिवसांत साखर नॉर्मलला आणा.

काणकोणकर: मला यात एवढं घाबरण्यासारखं दिसत नाही. माझ्या मामांनी भात सोडला, रोज चालले, वजन उतरलं आणि डॉक्टरांनीच त्यांचं इन्सुलिन बंद केलं. मुलगी बारीक होतेय तर डोसही कमी लागेल ना?

वॉर्डातली सिस्टर: काणकोणकर, मामांना टाइप टू असणार. त्यांचं शरीर स्वतःचं इन्सुलिन थोडंफार बनवत होतं. या मुलीचं जवळजवळ काहीच बनवत नाही. मामांचं वजन उतरलं म्हणून इन्सुलिन सुटलं, हिचं इन्सुलिन सुटलं म्हणून वजन उतरतंय. खाल्लेली साखर पेशींत न जाता लघवीतून वाहून जाते, सोबत पाणी नेते, आणि उपाशी राहिलेलं शरीर स्वतःचे स्नायू नि चरबी मोडून खातं. चरबी मोडताना कीटोन तयार होतात. ते साठले की रक्त आम्ल होतं आणि माणूस एका दिवसात आयसीयूत जातो.

ताई, एक विचारते. दोन महिन्यांत जेवणाच्या इन्सुलिनची किती काडतुसं संपली?

फोंड्याची आई: डोस ८-८-८, म्हणजे दिवसाला २४ युनिट. बॅगेत दोन रिकामी होती, तिसरं अर्धं भरलेलं.

वॉर्डातली सिस्टर: ३ मिलीच्या एका काडतुसात ३०० युनिट असतात. दिवसाला २४ धरले आणि टोचण्याआधी सुई तपासायला दोन-दोन युनिट उडवले, तर दिवसाला ३०. एक काडतूस दहा दिवस. दोन महिन्यांत सहा लागायला हवी होती, गेली अडीच. "कधीकधी" म्हणते ते निम्म्याहून जास्त वेळा आहे. पण हा हिशेब तिच्या तोंडावर मारू नका. तिने स्वतःहून सांगितलंय, ते दार उघडं राहू द्या.

शिरोड्याचा बाबलो: मग मी काय वेगळं म्हणालो? चोरी पकडली, आता पूर्ण डोस चालू करा.

म्हापशाची: बाबलोभाऊ, मी २२ ची, टाइप वन, हे सगळं केलेलं. माझ्या घरी तुम्ही म्हणता तसंच झालं. एका रात्रीत पूर्ण डोस. चौथ्या दिवशी सँडलचा पट्टा बसेना. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. चेहरा सुजलेला, वजनकाटा वर. मला वाटलं, बघा, इन्सुलिनने चरबी वाढते हे खरंच. पुन्हा सोडलं. आई समोर उभी राहायची तर मी फक्त जास्त चांगलं लपवायला शिकले.

पुढे एका डॉक्टरने सुरुवातीलाच सांगितलं की सूज येईल, ते पाणी आहे, काही आठवड्यांत उतरेल. तेव्हा टिकले. काट्याकडे पाठ करून उभी राहायचे, आकडा नर्स लिहायची, मला सांगायची नाही.

वॉर्डातली सिस्टर: याच ठिकाणी सगळं फसतं. बरेच दिवस इन्सुलिनविना राहिलेल्या शरीराला ते परत मिळालं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. जिला वजनाचीच भीती, तिला बरं होण्याच्या पहिल्याच आठवड्यात ती भीती खरी झालेली दिसते. आधी सांगून ठेवलं नाही तर पहिल्या पंधरवड्यातच पोरी परत फिरतात. सूज फार वाढली, दम लागला तर मात्र दाखवायचं, पाणीच आहे म्हणून बसायचं नाही.

आणि बाबलो, आठ दिवसांत नॉर्मल करणं धोक्याचं आहे. महिनोन्‌महिने चढलेली साखर झटकन उतरवली तर डोळ्याच्या पडद्याचा आजार काही काळ उलट बळावतो. काहींच्या पायांत अशी आग सुरू होते की चादरीचा स्पर्श सहन होत नाही. गिबन्स आणि फ्रीमन या दोघांनी २०१५ साली दाखवलं की तीन महिन्यांत एचबीए१सी दोन अंकांपेक्षा जास्त घसरलं तर हा धोका वाढतो. ११.४ वरून तीन महिन्यांत साडेनऊच्या आसपास आलं तरी चांगली सुरुवात आहे. डोस किती आणि कसा चढवायचा ते तिच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पडदा आधी तपासून घ्या.

शिरोड्याचा बाबलो: म्हणजे साखर चढलेलीच ठेवायची? उद्या बेशुद्ध पडली तर जबाबदार कोण?

वॉर्डातली सिस्टर: कीटोन नसताना हळूहळू. कीटोन असतील तर त्याच क्षणी हॉस्पिटल, तिथे घाई बरोबरच. घरात रक्तातले कीटोन मोजायचं मशीन असेल तर १.५ च्या वर गेल्यावर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर थेट इमर्जन्सी. मशीन नसेल तर लघवीच्या पट्ट्या आणून ठेवा. उलट्या, पोटात कळा, खोल नि जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यांतलं काही दिसलं तर पट्टीचीही वाट बघू नका, १०८ लावा. आपल्याकडे उलट्या म्हटलं की आधी पित्त, मग दीष्ट काढणं, तोवर सहा तास जातात. आणि जेवली नाही म्हणून रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन कधीही बंद करायचं नाही.

काणकोणकर: मामांचं उदाहरण मागे घेतो. पण १९ व्या वर्षी हे प्रकरण एवढं गंभीर होतं का?

वॉर्डातली सिस्टर: बोस्टनच्या जोस्लिन केंद्राने टाइप वनच्या २३४ बायकांचा ११ वर्षं मागोवा घेतला, २००८ साली छापून आलं. इन्सुलिन कमी घेते असं सुरुवातीला सांगणाऱ्या बायकांत मृत्यूचा धोका तिप्पट निघाला. त्यांना आळशी म्हणून काही हाती लागत नाही. वजनाच्या भीतीचा उपचार मानसोपचाराच्या बाजूने चालतो आणि मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलूनच चालतो. एकटा कुणी पुरत नाही.

फोंड्याची आई: पेनाचं काय मग?

वॉर्डातली सिस्टर: माझ्या मते सुरुवातीचे काही आठवडे एक इंजेक्शन कुणासमोर तरी घ्यावं, आणि तो माणूस तिने निवडावा.

म्हापशाची: मला तेही पटत नाही. समोर कुणी बसलं की ते पहारा देणंच झालं.

शिरोड्याचा बाबलो: पहाराच हवा. साखर हळू उतरवायची हे मानलं, पण पेन पोरीच्या हातात सोडायला मी तयार नाही.

फोंड्याची आई: आज तिलाच विचारलं. म्हणाली, रूममेटसमोर रात्रीचं घेईन, तुमच्यासमोर नाही. रूममेटला पट्ट्या कशा वापरायच्या आणि १०८ कधी लावायचा ते लिहून दिलंय. पुढच्या आठवड्यात डोळे दाखवायला बांबोळीला जातोय. तिच्या बाबांना अजून मान्य नाही.