ऑडिटनंतरच्या आभारपत्रात ‘त्रुटी’ लिहावं का?

मृणाल : आमच्या परदेशी तांत्रिक सहयोगी कंपनीचे दोघे जण कारखान्याचं ऑडिट करून गेले. लेखी अहवाल अजून यायचा आहे. समारोपाच्या बैठकीत त्यांनी एक मुद्दा तोंडी सांगितला : असेंब्ली लाइनवरच्या एका टॉर्क रेंचच्या कॅलिब्रेशनची मुदत संपलेली होती. आता त्यांना आभाराचं पत्र पाठवायचं आहे. इंग्रजी पत्र त्यांना जाईल आणि मराठी पत्र लाइनवरच्या फलकावर लागेल, म्हणून दोन्हींचा अर्थ एकच हवा. विभागातून आलेला मराठी मसुदा असा आहे :

«आमच्या कारखान्याच्या लेखापरीक्षणासाठी आल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. आपण दाखवून दिलेल्या सर्व त्रुटी आम्हाला मान्य आहेत. त्या दुरुस्त केल्या असून मुद्दा बंद केला आहे. आपल्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल आम्ही ऋणी आहोत.»

इंग्रजीत मधली दोन वाक्यं अशी आहेत : «वी ॲक्सेप्ट ऑल द डिफेक्ट्स पॉइंटेड आउट बाय यू. द सेम हॅव बीन करेक्टेड अँड द पॉइंट इज क्लोज्ड.»

मला ‘त्रुटी’ खटकतंय, पण का ते नेमकं सांगता येत नाही.

प्रसाद : त्रुटीत काय वावगं आहे? आमच्या पतसंस्थेचं ऑडिट झालं की लेखापरीक्षक दोष लिहून देतात आणि आम्ही दोषदुरुस्ती अहवाल पाठवतो. तुम्हीही तसाच पाठवा. आभारपत्राची पद्धत आमच्याकडे नाही, पण ‘लेखापरीक्षण’ हा शब्द योग्य आहे.

सुहास : प्रसादराव, तुमच्याकडे तो योग्यच आहे, कारण तिथे लेखे, म्हणजे हिशेब तपासले जातात. मृणालताईंकडे आलेल्यांनी एकही वही उघडली नसेल. त्यांनी यंत्रं, नोंदी आणि कामाची पद्धत पाहिली. फलकावर ‘लेखापरीक्षण’ वाचून कामगारांना वाटेल की पैशांची चौकशी झाली. ‘तपासणी’ही नको, कारण शॉप फ्लोअरवर तपासणी म्हणजे मालाचं इन्स्पेक्शन. ‘ऑडिट’ सगळ्यांना कळतं, तेच ठेवा.

आता ‘त्रुटी’. मराठीत हा शब्द सौम्य आहे, उणीव म्हणावं इतपतच. घोटाळा होतो तो इंग्रजीत जाताना. ‘डिफेक्ट’ हा गुणवत्तेच्या कामात कुठेही वापरायचा शब्द नाही. आयएसओ ९००० मध्ये त्याचा अर्थ वस्तूच्या ठरलेल्या वापराशी जोडलेला आहे आणि त्याला कायदेशीर छटा आहे, विशेषतः उत्पादनाच्या जबाबदारीबाबत, अशी टीपही तिथे आहे. तुमच्याकडे सापडलं काय, तर रेंचची उलटलेली तारीख. त्या रेंचने आवळलेले बोल्ट सैल आहेत असं कोणीही म्हटलेलं नाही. पण ‘वी ॲक्सेप्ट ऑल द डिफेक्ट्स’ लिहिलंत की माल सदोष आहे अशी लेखी कबुली झाली, तीही अहवाल हातात येण्याआधी आणि सहयोग करार असलेल्या कंपनीला.

रोहिणी : मग सरळ ‘निरीक्षणे’ लिहा आणि इंग्रजीत ‘ऑब्झर्व्हेशन्स’. सभ्य शब्द आहे, कुणाला लागत नाही. मी अनुवाद करताना नेहमी हाच वापरते.

सुहास : सभ्य आहे हे खरं, पण ऑडिटच्या बोलीत तो मोकळा राहिलेला नाही. बऱ्याच कंपन्यांत मेजर एनसी, मायनर एनसी आणि त्याखाली ऑब्झर्व्हेशन अशी उतरंड असते; एनसी म्हणजे नॉनकन्फॉर्मिटी, ठरलेली गरज पूर्ण न होणं. कॅलिब्रेशनची मुदत संपणं बहुतेक मायनर एनसीत जाईल. आयएसओ ९००१ मधलं ७.१.५.२ हे कलम थेट त्यावरच आहे. त्यांनी दर्जा ठरवण्याआधी तुम्ही ‘ऑब्झर्व्हेशन’ लिहिलंत, तर एनसी खाली ओढायचा प्रयत्न चाललाय असं वाटेल. ‘त्रुटी’ने मुद्दा आहे त्याहून मोठा होतो, ‘ऑब्झर्व्हेशन’ने लहान. शिवाय ऑडिटमधली फाइंडिंग, म्हणजे तपासताना जे आढळलं ते, चांगलीही असू शकते, पण ‘त्रुटी’त त्याला जागाच नाही. मी ‘आपण मांडलेले मुद्दे’ लिहीन, इंग्रजीत ‘द पॉइंट्स यू रेझ्ड’. त्यात दर्जाही येत नाही आणि कबुलीही.

रोहिणी : हे पटलं. मराठीत ‘निरीक्षणे’ चालेल असं मला अजूनही वाटतं, कारण फलक वाचणाऱ्याच्या मनात ती उतरंड नसते. पण दोन्ही पत्रांचा अर्थ एकच हवा असेल तर ‘मुद्दे’ बरं. ‘मान्य’चं काय करायचं?

सुहास : ‘मान्य’ काढा. तिथे ‘नोंद घेतली आहे’ पुरतं. अहवाल आला, वाचला, आक्षेप असला तर कळवला, की मग मान्यता. मला सगळ्यांत जास्त काळजी ‘दुरुस्त केल्या’ आणि ‘बंद केला’ यांची आहे. मृणालताई, रेंचचं प्रत्यक्षात काय केलंत?

मृणाल : रेंच लगेच लाइनवरून काढून कॅलिब्रेशनला पाठवला. प्रमाणपत्र यायचंय.

सुहास : म्हणजे अजून ‘करेक्टेड’सुद्धा नाही. प्रमाणपत्र आल्यावरही ती फक्त दुरुस्ती, करेक्शन. करेक्टिव्ह ॲक्शन, ज्याला मराठी कागदपत्रांत ‘सुधारात्मक कृती’ म्हणतात, ती कारणाला हात घालते. तारीख का हुकली? हा रेंच मास्टर लिस्टमध्ये होता का? आठवण कोणाकडे जात होती? मराठीत दोन्हींना आपण ‘दुरुस्ती’च म्हणतो आणि तिथेच फसतो. परदेशातला माणूस ‘करेक्टेड’ वाचून म्हणेल की यांनी रेंच बदलला आणि कारण शोधलंच नाही.

आणखी एक गोष्ट. कॅलिब्रेशनमध्ये रेंच ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेला आढळला, तर मधल्या काळात त्याने आवळलेल्या जोडांवर काय परिणाम झाला हेही तपासावं लागतं. मुदत संपली म्हणजे रेंच चुकीचाच आहे असं नव्हे, पण प्रमाणपत्रातलं, रेंच जुळवून घेण्याआधीचं रीडिंग पाहिल्याशिवाय तो बरोबर होता असंही म्हणता येत नाही. आणि मुद्दा तुम्ही बंद करत नाही. तुम्ही पुरावा पाठवता, ते पडताळतात आणि मग ते क्लोज करतात.

प्रसाद : आमच्याकडेही दोषदुरुस्ती अहवाल दिला म्हणून दोष निघून जात नाही, पुढच्या ऑडिटला पुन्हा पाहतात. त्यामुळे हे मला समजलं.

केतकी : ‘मार्गदर्शन’ तर साफ चुकीचं आहे. ऑडिटरला सल्ला देण्याची बंदी असते. तुम्ही मार्गदर्शनाबद्दल आभार मानले तर तो अडचणीत येईल.

सुहास : प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या ऑडिटरबाबत हे बरोबर आहे. तिथे सल्लागारी आणि प्रमाणन एकत्र चालत नाही, त्यामुळे त्या पत्रात हा शब्द मीही टाळेन. पण हे सहयोगी आहेत, म्हणजे करारातल्या दुसऱ्या पक्षाने केलेलं सेकंड पार्टी ऑडिट आहे. तंत्रज्ञान त्यांचंच, त्यांनी पद्धत सुचवणं करारातच असू शकतं. तरी ‘अमूल्य’ आणि ‘ऋणी’ मी काढेन. नेमकं काय उपयोगी पडलं ते लिहिलं तर आभार खरे वाटतात.

मृणाल : लाइनवरच्या ऑपरेटरना त्यांनी प्रत्येक प्रश्नामागचं कारण समजावलं, ते मुलांना फार आवडलं. ते घालते. नवा मसुदा :

«ऑडिटसाठी आपण आमच्या कारखान्यात आलात आणि लाइनवरच्या सहकाऱ्यांना प्रत्येक प्रश्नामागचे कारण समजावून सांगितलेत, याबद्दल मनापासून आभार. समारोपाच्या बैठकीत आपण मांडलेल्या मुद्द्यांची आम्ही नोंद घेतली आहे. संबंधित टॉर्क रेंच वापरातून काढून कॅलिब्रेशनसाठी पाठवला आहे. आपला अहवाल मिळाल्यावर कारणांसह सविस्तर उत्तर ठरलेल्या नमुन्यात पाठवू.»

इंग्रजीत : «वी हॅव नोटेड द पॉइंट्स यू रेझ्ड ॲट द क्लोजिंग मीटिंग. द टॉर्क रेंच हॅज बीन टेकन आउट ऑफ यूज अँड सेंट फॉर कॅलिब्रेशन. वी विल रिस्पॉन्ड इन फुल ऑन रिसीट ऑफ युअर रिपोर्ट.»

केतकी : रेंचचं वाक्य आभारपत्रात हवंच का? आभार आभारापुरते असावेत.

रोहिणी : मला ते हवंसं वाटतं. समोर बसून सांगितलेल्या गोष्टीवर पत्रात अवाक्षर नसेल तर ऐकलंच नाही असं वाटतं.

सुहास : मी केतकीच्या बाजूने झुकतो. पत्र फाइलला लागतं आणि पुढे उत्तरातली तारीख त्याच्याशी जुळवून पाहिली जाते. ठेवायचंच असेल, तर रेंच लाइनवरून काढल्याची नोंद त्या दिवसाच्या रजिस्टरमध्ये आहे का ते आधी बघा.

मृणाल : रजिस्टरमध्ये रेंच काढल्याची नोंद आहे, पण रेंचचा क्रमांक लिहिलेला नाही. आमच्याकडे त्याच मापाचे आणखी रेंच आहेत. पाठवणीच्या चलनावर क्रमांक आहे का ते स्टोअरला विचारते, तोवर पत्र थांबवलंय.